75 हजारांचा सॅप कोर्स : पैसे नक्की कशाचे?

*काका, नमस्कार. मी बडोद्यात मांजलपूरला राहते, वय 27. एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. केलं आणि चार वर्षांपासून मकरपुरा जीआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत खरेदी खात्यात आहे. कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॅप सॉफ्टवेअरवरच दिवसभर काम असतं : खरेदीच्या पीओ काढायच्या, आलेल्या मालाच्या जीआरएन बघायच्या, बिलं अडली की अकाउंट्सशी भांडायचं. मला सॅप कन्सल्टंट व्हायचंय. सयाजीगंजमधल्या एका क्लासने खरेदी आणि साठ्याच्या एमएम मॉड्यूलचे 75,000 अधिक जीएसटी सांगितलेत, ‘ग्लोबल सर्टिफिकेशनसह’. बारा हप्ते करून देतो म्हणतात, पण भाव शनिवारपर्यंतच. मी 2,000 टोकन देऊन बसलेय. ‘अनुभवाचं पण बघून घेऊ’ असंही काउन्सेलर म्हणाली. सर्टिफिकेटशिवाय कोणी घेतं का? आणि हा भाव बरोबर आहे का? – एक वाचक, मांजलपूर*

शनिवार जाऊ दे. तो दर महिन्याला चार वेळा येतो आणि त्या क्लासचा भाव पुढच्या सोमवारी वाढलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

आधी हिशेब. 75,000 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 13,500, एकूण 88,500. व्यापाऱ्याला तो कर वळता करून घेता येतो, पगारदार माणसाला येत नाही, म्हणून तुझ्यासाठी कोर्सची किंमत 88,500 हीच. त्याचे बारा हप्ते केले की महिन्याला 7,375 येतात. आता काउन्सेलरला एकच विचार : हे हप्ते मी तुम्हाला देणार की फायनान्स कंपनीला? बहुतेक ठिकाणी ते कर्ज असतं. फायनान्स कंपनी क्लासला पैसे एकदम देऊन मोकळी होते आणि देणेकरी तू उरतेस. शिकवणारा सर दुसऱ्या महिन्यात सोडून गेला, बॅच बंद पडली, तरी हप्ता थांबत नाही, आणि थांबवलास तर तुझ्या सिबिलवर डाग पडतो. भांडण तुझं क्लासशी आणि कर्ज तिसऱ्याचं, असा तो पेच असतो.

मग या 75,000 मध्ये येतं काय? कोणताही क्लास चार गोष्टी एका गाठोड्यात बांधून विकतो : शिकवण्याचे तास, सराव करायला सर्व्हर, परीक्षा, आणि नोकरीची आशा. गाठोडं सोडल्याशिवाय भाव कळत नाही.

तास मोजायला सोपे. दीड तासाचे साठ वर्ग असतील तर 90 तास झाले, म्हणजे जीएसटी सोडून तासाला साधारण 833 रुपये. दहा जणांच्या बॅचमध्ये बसून. शिकवणारा माणूस दिवसा खऱ्या प्रोजेक्टवर काम करून संध्याकाळी शिकवत असेल तर मी याला महाग म्हणणार नाही. पण मागच्या बॅचला त्याच क्लासमध्ये शिकून या बॅचला शिकवत असेल, तर तेच सगळं `learning.sap.com` वर खुद्द सॅपने फुकट ठेवलंय, आणि नीट क्रमाने ठेवलंय. डेमोला बसशील तेव्हा सरांना विचार, ‘तुम्ही शेवटचं गो-लाइव्ह कुठलं केलंत आणि कटओव्हरला ओपन पीओंचं काय केलंत?’ गो-लाइव्ह म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करणं, कटओव्हर म्हणजे जुन्यातून नव्यात उडी. ज्याने केलंय तो दहा मिनिटं थांबणार नाही.

सर्व्हरची गोष्ट जरा खोल आहे, कारण फसवणूक तिथेच जास्त होते. सराव म्हणजे तू रोज करतेस ते नव्हे. `ME21N` ला पीओ काढणं तुला येतं. कन्सल्टंटला पडद्यामागची बाजू हवी, म्हणजे `SPRO` मधली सेटिंग्ज करून बघायची मोकळीक, स्वतःचा कंपनी कोड, स्वतःचा प्लांट. पुष्कळ क्लासमध्ये एकाच सर्व्हरवर तीन बॅचेस बसलेल्या असतात, एकाने टॉलरन्स, म्हणजे बिलातल्या फरकाची मर्यादा, बदलला की दुसऱ्याची बिलं अडतात आणि सर म्हणतात, ‘रिफ्रेश कर’. डेमोला गेलीस की त्यांच्या मशीनवर दोन गोष्टी स्वतःच्या हाताने कर. एक म्हणजे वरच्या मेन्यूत System, मग Status, आणि तिथे कम्पोनंटची यादी उघड. यादीत `S4CORE` दिसलं तर ते एस फोर हाना, म्हणजे सॅपची नवी आवृत्ती आहे. ते नसेल आणि `SAP_APPL` असेल तर जुनं ईसीसी आहे, म्हणजे एस फोरची फी घेऊन आपल्याला मागची आवृत्ती शिकवणार. दुसरी, `MIGO` ला एक जीआरएन आजच्या तारखेने टाकून बघ. असा संदेश आला की समज :

```
Posting only possible in periods 2019/03 and 2019/02 in company code 1000
```

याचा अर्थ त्या सर्व्हरवर 2019 च्या जूननंतर कोणी महिनाच पुढे सरकवलेला नाही (आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून तिसरा कालावधी म्हणजे जून; त्यांनी जानेवारीपासूनचं वर्ष ठेवलं असेल तर मार्च). तुझ्या कंपनीत हे काम दर महिन्याच्या एक तारखेला कोणीतरी `MMPV` ने करतं. ज्या सर्व्हरवर ते वर्षानुवर्षं झालेलं नाही, तिथे कोणी खरं काम करून बघितलेलं नाही. आणि सर्व्हरचा परवाना कोणाच्या नावावर आहे हेही विचार. उत्तर टाळलं गेलं तर तो एखाद्या दिवशी सकाळी बंदही पडू शकतो, आणि तक्रार करायला तुला जागा नसते.

आता ‘ग्लोबल सर्टिफिकेशनसह’. हे शब्द मुद्दाम गुळगुळीत ठेवलेले असतात. क्लासचा कोर्स पूर्ण केल्याचा जो रंगीत कागद मिळतो, त्यावर कधी सॅपचं चिन्हही छापलेलं असतं, पण तो सॅपचा नव्हे. सॅपचं प्रमाणपत्र फक्त सॅपच देतं, सॅपच्या परीक्षेनंतर, आणि ते क्रेडलीवर डिजिटल बॅज म्हणून मिळतं. त्याची लिंक कोणीही उघडून खरी-खोटी तपासू शकतो. तुझ्या विषयाची परीक्षा एस फोर हानामधलं सोर्सिंग अँड प्रोक्युअरमेंट, तिचा कोड `C_TS452` ने सुरू होतो. सॅप ती परीक्षा प्रयत्न मोजून विकतं, पास होण्याची हमी विकत नाही. म्हणून क्लासकडून लेखी घे : सॅपच्या परीक्षेचे पैसे यात धरलेत का, किती प्रयत्नांचे, आणि खातं माझ्या ईमेलवर उघडणार का? ‘परीक्षेची फी विद्यार्थ्याने वेगळी भरायची’ ही ओळ बहुतेक पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. आणि हे प्रमाणपत्र आयुष्यभराचं राहिलेलं नाही. 2024 पासून सॅपने नियम केलाय की दर वर्षी नवीन आवृत्तीची छोटी चाचणी देऊन ते चालू ठेवायचं, नाहीतर ते उतरतं. म्हणजे आज घाईने घेतलेलं प्रमाणपत्र, नोकरी दीड वर्षाने मिळाली तर, मधल्या काळात सांभाळत बसावं लागतं.

चौथी गोष्ट, नोकरीची आशा, हिचा भाव मी लावत नाही. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे तुझा बायोडेटा पुढे पाठवणं, इतकंच त्यांनी कबूल केलेलं असतं.

सर्टिफिकेट मागतात का, हे विचारलंस, तर माझीच गोष्ट सांगतो.

2008 मध्ये मी एका अधिकृत अकादमीत पावणेतीन लाख भरले होते. तेव्हा सॅप शिकायचं तर तोच राजमार्ग मानला जायचा. वडिलांनी दांडिया बाजारातली आमची एक खोली भाड्याने दिलेली होती ती विकली (आईने त्यानंतर सहा महिने माझ्याशी ‘अहो, कन्सल्टंट’ म्हणूनच बोलणं ठेवलं). परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो. आणि आठ महिने घरी बसलो. जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न, ‘प्रोजेक्ट कुठला केलात?’ तो नाही म्हटलं की चहा येण्याआधीच मुलाखत संपायची.

शेवटी एका ठिकाणी मुलाखत घेणारे गृहस्थ स्वतः कधीकाळी स्टोअरमध्ये होते. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘कॉस्टिक सोडा, 100 किलो, पीओ 50 रुपयांनी. माल आला, जीआरएन झाली. बिल 52 ने आलं. मटेरियल मूव्हिंग अॅव्हरेजवर आहे, आधी शिल्लक शून्य. काय काय एन्ट्री पडेल?’ मी पाठ केलेलं होतं ते म्हटलं : जीआरएनला साठा नावे 5,000, माल आणि बिल जुळवणारं जीआर/आयआर खातं जमा 5,000. बिलाला जीआर/आयआर नावे 5,000, पार्टी जमा 5,200, आणि फरकाचे 200 साठ्यावर जातील, रेट 52 होईल. त्यांनी मान हलवली. ‘पण बिल यायच्या आधी प्लांटने 60 किलो वापरले.’

मी गप्प. परीक्षेत हा प्रश्न असाही नव्हता आणि तसाही नव्हता.

उत्तर सांगतो, कारण तुझ्या रोजच्या भांडणाचं मूळ इथेच आहे. शिल्लक 40 किलोच उरली, म्हणून सॅप 200 पैकी 40 किलोचा वाटा, म्हणजे 80 रुपये, साठ्यावर टाकतं. उरलेले 120 ते दरफरकाच्या खात्यात ढकलतं, कारण ते 60 किलो आता गोदामात नाहीत, रिॲक्टरमध्ये जाऊन मोकळे झालेत. साठा 2,000 चा 2,080 होतो, 40 किलोने भागलं की रेट 52. आता खरी गंमत. तुमच्याकडे प्लांटच्या मागणीचिठ्ठ्या दिवसभर ट्रेमध्ये साठवून संध्याकाळी एकदम चढवायची पद्धत असेल, आणि बिल दुपारी बुक झालं, तर सॅपच्या मते सगळा 100 किलो गोदामातच आहे. ते पूर्ण 200 साठ्यावर टाकतं, आणि संध्याकाळी 60 किलो 52 ने वापरात जातात. माल तोच, बिल तेच, पण एका दिवशी दरफरक 120 आणि दुसऱ्या दिवशी शून्य. महिन्याअखेरीस फायनान्सचा माणूस विचारतो, ‘हा फरक का हलतोय?’ याचं उत्तर ट्रेमध्ये आहे, सॅपमध्ये नाही. ते ज्याला सांगता येतं त्याला लोक कन्सल्टंट म्हणतात.

त्या गृहस्थांनी मला घेतलं, पण ते प्रमाणपत्रासाठी नाही. मी म्हटलं, ‘हे मला माहीत नाही, पण स्टोअरमध्ये बसू द्या, पंधरा दिवसांत सांगतो.’ त्यांच्या प्रोजेक्टला डेटा भरणारा माणूस हवाच होता.

कंपन्या प्रमाणपत्राकडे कशा बघतात ते मी तिथून पुढे दोन्ही बाजूंनी पाहिलंय. कारखाने, म्हणजे तुझ्यासारख्यांच्या कंपन्या, स्वतःच्या सॅप टीममध्ये माणूस घेताना प्रमाणपत्र क्वचितच विचारतात. त्यांना ज्याच्या हातात खरेदी, स्टोअर आणि जीएसटी बसलेला आहे तो हवा. सॅप बसवून देणाऱ्या पार्टनर कंपन्यांचं वेगळं असतं. त्यांना सॅपकडचा पार्टनरचा दर्जा टिकवायला ठरावीक संख्येने प्रमाणित माणसं लागतात, आणि मोठ्या टेंडरमध्येही टीमच्या बायोडेटाबरोबर प्रमाणपत्रं मागितली जातात. म्हणून त्यांच्या जाहिरातीत ‘सर्टिफाइड असल्यास प्राधान्य’ असतं. पण यातून उलटीही गोष्ट निघते : प्रमाणपत्र कंपनीची गरज आहे, म्हणून आत असलेल्या माणसाची परीक्षा बहुधा कंपनीच्याच खर्चाने होते. बाहेरच्याला ते स्वतःच्या खिशातून करावं लागतं, आणि तरीही त्याला विचारतात ते प्रोजेक्टच.

मग प्रमाणपत्र खरोखर कुठे उपयोगी पडतं? बायोडेटांच्या पहिल्या गाळणीत. पोर्टलवर एका जागेला तीनशे अर्ज येतात, एचआरची मुलगी शोधात ‘सर्टिफाइड’ टाकते आणि साठ उरतात. नवखा इंजिनिअर, ज्याच्याकडे ना कारखाना ना प्रोजेक्ट, त्याला त्या साठात राहायला त्याचा उपयोग आहे. परदेशातल्या कंत्राटी कामालाही पुढेमागे लागतं. तू या दोन्हीत आज बसत नाहीस. तुझ्याकडे चार वर्षं खरेदीची आहेत, जी त्या इंजिनिअरला 88,500 देऊनही मिळणार नाहीत.

‘अनुभवाचं बघून घेऊ’ म्हणजे खोटं अनुभवपत्र. हे बाजारात राजरोस चालतं, दोन वर्षांचा ‘इम्प्लिमेंटेशनचा अनुभव’ एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या लेटरहेडवर. तू चार वर्षं पगारदार आहेस, म्हणजे तुझ्या यूएएनवर कोणत्या महिन्यात कोणत्या कंपनीने पीएफ भरला ते सगळं दिसतं. पार्श्वभूमी तपासणारे पहिल्यांदा तेच मागतात. खोटी दोन वर्षं तिथे नसतील, आणि तुझी खरी चार वर्षं तिथे दिसत असतील, जी तू लपवलेली असशील. एकदा पकडलं गेलं की मोठ्या कंपन्यांच्या यादीत नाव काळं होतं. ज्या क्लासमधून हे वाक्य येतं तिथून मी तरी उठून आलो असतो. त्यांचे ‘परीक्षेचे डम्प’ही त्याच माळेचे मणी; पाठ करून पास होता येतं, आणि मग मुलाखतीत कॉस्टिक सोड्याला गप्प बसावं लागतं. माझ्यासारखं.

तू करायचं काय, तर आधी तुमच्या कंपनीत बघ. ऑफिसमध्ये उद्या तेच System, Status उघड. `SAP_APPL` दिसलं तर तुम्ही अजून ईसीसीवर आहात. सॅपने ईसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या नेहमीच्या देखभालीची मुदत 2027 च्या अखेरीपर्यंत ठेवलीये, त्यापुढे 2030 पर्यंतची देखभाल जादा पैसे भरूनच. म्हणून सगळ्यांना आज ना उद्या एस फोरला जावं लागतंय, आणि ते काम बाहेरचा पार्टनर एकटा करूच शकत नाही. त्याला प्रत्येक खात्यातून एक की-यूजर लागतो. ती जागा कोणाला नको असते, कारण त्यात पगार वाढत नाही आणि रविवार जातात. ती तू माग. लेखी माग.

त्या जागेवर बसलीस की काय शिकायला मिळतं ते सांगतो. एस फोरमध्ये वेंडर आणि कस्टमर वेगळे राहत नाहीत, दोघांचा मिळून एकच ‘बिझनेस पार्टनर’ होतो, आणि `XK01` च्या जागी `BP` येतं. त्याआधी जुना वेंडर मास्टर साफ करावा लागतो. आपल्याकडे एकच पार्टी तीन नावांनी असते : ‘शाह केमिकल’, ‘शाह केमिकल्स’, ‘एम/एस शाह केमिकल वडोदरा’, पॅन एकच, जीएसटीआयएन दोघांवर आणि तिसऱ्यावर रिकामा. पार्टनर कंपनीचा मुलगा पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येतो, त्याला यातली चालू पार्टी कोणती ते कळणार नाही. तुला कळेल, कारण तू त्यांना फोन करतेस. ही यादी तू आत्ताच, प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी, एक्सेलमध्ये काढून ठेव. कोणी सांगितलेलं नसताना हे काम करून ठेवणारी मुलगी कोअर टीममधून वगळणं साहेबालाही जड जातं.

मग चाचण्यांची पाळी येते. तिथे तू स्वतः परिस्थिती लिहायच्या : माल कमी आला, बिल आधी आलं, बिल जास्तीने आलं. तुझी बिलं आज अडतात ती टॉलरन्समुळे. दरातल्या फरकाची मर्यादा `OMR6` मध्ये `PP` या खुणेखाली लिहिलेली असते, ती ओलांडली की बिल थांबतं आणि `MRBR` ला कोणीतरी मोकळं करेपर्यंत पार्टीला पैसे जात नाहीत. तुझ्या हाती `OMR6` ची परवानगी नसेल, नसायलाच हवी. पण पार्टनरच्या कन्सल्टंटशेजारी खुर्ची ओढून बसलीस की तो ती स्क्रीन दाखवतो, ‘इथे दोन टक्के ठेवू की पाच?’ असं विचारतो, आणि तू म्हणतेस, ‘पाच नको, पॅकिंगवाले फायदा घेतील, दोनच ठेवा.’ का, तेही तूच सांगतेस. हे एक वाक्य बोलायची संधी क्लासच्या 90 तासांत येत नाही, कारण तिथल्या कंपनी कोडला पॅकिंगचा व्यापारी फोन करत नाही.

बरोबरीने रोज संध्याकाळी एक तास `learning.sap.com` वर सोर्सिंग अँड प्रोक्युअरमेंट बघ. इंग्रजीत आहे, पण तुला स्क्रीन ओळखीच्या असल्याने अडणार नाही. सराव करायला सेटिंग्जची मोकळीक असलेला सर्व्हर हवाच वाटला, तर तेव्हा फक्त सर्व्हरचे पैसे भर, तीन महिन्यांचे, आणि वरच्या दोन तपासण्या करून. परीक्षा त्यानंतर, प्रोजेक्टच्या मधोमध किंवा लगेच पुढे. तेव्हा प्रश्न वाचताना तुझ्या कंपनीतलं काहीतरी आठवेल. पार्टनर कंपनीने बोलावलं आणि ‘सर्टिफिकेट आहे का’ विचारलं, तर म्हण, ‘नाही, तुम्ही परीक्षेला बसवाल तर महिन्याभरात देते.’ एका गो-लाइव्हनंतर हे बिनदिक्कत म्हणता येतं.

तुमच्याकडे आधीच `S4CORE` निघालं, आणि नजीकच्या काळात कुठला बदलही नाही, तर गोष्ट थोडी वेगळी. मग दुसऱ्या खात्यात मॉड्यूल नवीन चढत असेल तिकडे नाव दे, क्वालिटी, प्लांट मेन्टेनन्स, काहीही चालेल. खरेदीशी त्यांचा धागा असतोच. तेही नसेल तर नोकरी बदलताना ‘तुमच्याकडे सॅपचं काम कधी निघणार आहे’ हा प्रश्न पगाराच्या आधी विचार. नंदेसरीपासून हालोलपर्यंत आपल्याकडे कारखाने कमी नाहीत.

ज्यांच्या कंपनीत सॅपच नाही त्यांच्यासाठी एक ओळ, कारण अशीही पत्रं येतात. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रल या सॅपसारख्याच सॉफ्टवेअरचं शिक्षण मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकट आहे, परीक्षा `MB-800`. तिची फी अमेरिकेत 165 डॉलर आहे आणि भारतात त्याहून कमी, आणि वर्षाला एकदा करायचं नूतनीकरण ऑनलाइन, बिनपैशाचं. ओडू आणि ईआरपीनेक्स्ट ही तशीच सॉफ्टवेअर तर घरच्या लॅपटॉपवर बसवून शिकता येतात. ओडूचं मोठं ऑफिस आपल्या गांधीनगरलाच आहे. लहान कंपन्यांत ती चालतात. पण तुझं सॅप चार वर्षांचं आहे, ते सोडून तिकडे वळू नकोस.

आता 2,000 रुपयांचं टोकन. क्लासला एक ईमेल लिही, फोन नको. त्यात विचार : परीक्षेचे प्रयत्न किती, खातं कोणाच्या नावाने, सर्व्हरची आवृत्ती कोणती, आणि बॅच सुरू व्हायच्या आधी नाव काढलं तर किती परत. शेवटच्या ओळीत टोकन परत मागून टाक, जीएसटीची पावती मिळालेली असेल तर तिचा नंबर घालून. परत दिले तर चांगलंच. नाही दिले तर न्यायमंदिरापुढे सेव-उसळ आणि वर कुल्फी, दहा जणांना खायला घातली असं समज. मी पावणेतीन लाखांची घातली होती.

फक्त त्या फायनान्सवाल्याच्या ॲपवर आधारचा ओटीपी दिला असशील, तर आजच बघ कर्ज मंजूर झालंय का. टोकन देताना ‘नुसतं केवायसी’ म्हणून तो ओटीपी घेतात, आणि पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून निघून जातो. मंजूर झालं असेल तर फायनान्स कंपनीला लेखी कळव की कोर्स घेतलेला नाही, आणि बँकेत जाऊन तो ई-मॅन्डेट बंद करायला सांग. ते आधी कर, ईमेल नंतर.